रिसेप्शनमध्ये ट्रेनचे लूप सुटतात आणि गाऊन खाली ओढला जातो: काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचे

नाताळ झाला की ईस्टरआधीचा उपवासाचा चाळीसा लागेपर्यंत, आणि ईस्टरनंतर पुन्हा मे अखेरपर्यंत, म्हापशातल्या माझ्या मशीनपाशी एकाच तक्रारीचे नवरीचे गाऊन येतात. चर्चमध्ये सगळे नीट होते. मिस्सा संपते, फोटो होतात, मग हॉलवर किंवा लॉनवर जाण्याआधी गाऊनचा मागे जमिनीवर लोळणारा लांब भाग, म्हणजे ट्रेन, उचलून लूप-बटणांवर अडकवतात. पहिल्या नाचापर्यंत ती टिकते, आणि मग कधीतरी मागून कापड घसरल्याचा आवाज येतो.

आधी लक्षणे, कारण त्यांवरून दोष कुठे आहे ते बऱ्यापैकी कळते.

एकच लूप, तोही बहुतेक मधला, सुटतो किंवा तुटतो आणि बाकीचे जागेवर राहतात. लूप शाबूत, पण बटण कापडासकट उपटून येते आणि मागे भोक पडते. काहीच तुटत नाही, पण तासाभरात ट्रेन दोन-तीन बोटे खाली आलेली असते आणि कोणाची तरी टाच तिच्यावर पडते. ट्रेन अडकवली की चेन वरच्या टोकाशी उघडू लागते. आणि ज्याकडे सहसा कोणी लूपच्या संदर्भात पाहत नाही असे शेवटचे लक्षण: नवरी सारखी दोन्ही हातांनी गळ्याशी गाऊन वर ओढत असते, आणि रात्री काखेखाली लाल वळ उमटलेले असतात.

ही पाचही एकाच घोळाची रूपे आहेत. जमिनीवर पसरलेल्या ट्रेनचा भार जमीन घेत असते. ती उचलून अडकवली की तोच भार काही टाक्यांवर येतो, आणि त्या टाक्यांनी तो कंबरेपर्यंत नेला नाही तर तो जिथे जागा मिळेल तिथे जातो: नेटवर, चेनवर, छातीवरच्या कापडावर. म्हणून फक्त लूप मजबूत करून भागत नाही.

अडकवताना काय होते ते पाहा

हे फुकटचे काम आहे, तरी इथेच निम्मे गाऊन सुटतात. लग्नात ट्रेन अडकवते ती धेडी, म्हणजे नवरीची करवली, नाहीतर एखादी मावशी. घाईत, अंधाऱ्या खोलीत, आतल्या ताठ स्कर्टच्या, म्हणजे कॅनकॅनच्या, फुगीर घेराखाली हात घालून. पाच जागांपैकी एक जागा राहिली तर तिचा भार शेजारच्या दोघींवर जातो आणि त्यांतली एक तासाभरात सुटते. घरी नेऊन द्यायच्या आधी मी जिने अडकवायचे आहे तिलाच दुकानात बोलावते आणि माझ्यासमोर दोनदा करायला लावते. बटणांच्या मागच्या बाजूला आणि त्यांच्या लूपपाशी एकाच रंगाच्या धाग्याचा छोटा टाका मारून ठेवते: पिवळ्याला पिवळा, निळ्याला निळा. बाहेरून दिसत नाही, पण फोनच्या टॉर्चमध्ये लगेच सापडतो.

याच वेळी एक गोष्ट डोळ्यांनी तपासा. गाऊनच्या पाठीवर चेनच्या रेषेत कापड चढवलेल्या बारीक बटणांची रांग असते. ती शोभेची असते आणि चेनच्या पट्टीलाच टाचलेली असते. मधला लूप त्यांतल्या शेवटच्या बटणाला अडकवायचा मोह सगळ्यांना होतो, कारण ते दिसते. चेन उघडते ती बहुतेक यामुळेच. ट्रेनचे बटण वेगळे हवे, कंबरेच्या जोडाच्या आसपास.

उंची मोजा

ट्रेन हळूहळू खाली येत असेल तर लूप सैल आहे किंवा अडकवण्याची जागा चुकली आहे. हे टेपने कळते, पण मोजताना नवरीने लग्नातलेच बूट घातलेले असावेत आणि आत लग्नातलाच कॅनकॅन हवा. टाचेत दोन सेंटीमीटरचा फरक असला तर सगळे मोजमाप वाया जाते.

गेल्या हंगामात साळगावहून आलेल्या एका गाऊनचे आकडे देते, म्हणजे हिशोब कळेल. पाठीमागे कंबरेच्या जोडापासून कॅनकॅनवरून टेप फिरवत जमिनीपर्यंत १०४ सेंटीमीटर. तिथूनच ट्रेनच्या मधल्या टोकापर्यंत १८० सेंटीमीटर. अडकवल्यावर काठ जमिनीपासून २ सेंटीमीटर वर राहायला हवा, म्हणजे मागची लांबी १०२ पाहिजे. जास्तीचे कापड ७८ सेंटीमीटर. बटण कंबरेच्या जोडाखाली ५ सेंटीमीटरवर होते, म्हणून लूप ट्रेनवर कंबरेपासून ५ अधिक ७८, म्हणजे ८३ सेंटीमीटरवर यायला हवा होता. तो होता ७६ वर. त्यामुळे अडकवल्यावरही काठ ५ सेंटीमीटर जमिनीवर लोळत होता. लॉनवर त्या पाच सेंटीमीटरना गवत धरते, रात्री दव पडल्यावर अस्तर पाणी पिते, आणि मग पाय पडलाच की लूप जातो. नवरीची आई म्हणत होती, "बाय, दोरा बदला, चांगला जाड घाला." दोऱ्यात काही खोट नव्हती. लूप ७ सेंटीमीटर खाली सरकवला आणि काठ वर आला.

बाजूंचा हिशोब वेगळा करावा लागतो, कारण ट्रेनचा काठ गोल असतो आणि बाजूला जास्तीचे कापड कमी असते. त्या गाऊनमध्ये मध्यापासून बाजूला २५ सेंटीमीटरवर लांबी १६० होती, म्हणजे जास्तीचे ५८ आणि लूप ६३ वर. मधलाच आकडा सगळीकडे लावला तर बाजूंनी काठ वर जातो, तिथले लूप ताणले जातात आणि सगळी घडी एका बाजूला कलते. मध्य आधी ठरवा, टाचण्या लावा, मग डावी-उजवी बाजू एकदम करा आणि नवरीला चार पावले चालायला सांगा. उभे राहून बरोबर दिसणारी घडी चालताना टाचेला लागते की नाही हे चालल्याशिवाय कळत नाही.

लूप स्वतः

आता लूपकडे बघा. तयार गाऊनवर पुष्कळदा नुसत्या दोऱ्याची साखळी विणलेली असते. तिचे एक टोक सुटले की सगळी उसवते. ती काढून टाका. मी पॉलिएस्टरचा काजाचा जाड दोरा घेते, त्याचे चार ते सहा पदर दोन टाक्यांमध्ये ठेवते आणि त्यांवर काजटाका भरत जाते. १२ मिलिमीटरच्या आणि ४ मिलिमीटर जाडीच्या बटणाला लूपची लांबी साधारण १६ मिलिमीटर पुरते. तो बटणावर जरा जोर लावून चढायला हवा. सहज चढला तर सहज उतरेलही. लूप लावायची जागाही महत्त्वाची आहे: ट्रेनच्या शिवणीवर किंवा लेसच्या भरीव नक्षीवर, आणि आतून अस्तरापर्यंत टाका गेलेला. नुसत्या नेटमध्ये लावलेला लूप नेट फाडतो.

मासेमारीचा नायलॉन दोरा वापरायचा सल्ला गोव्यात हमखास मिळतो, कारण तो घरोघरी असतो आणि तुटत नाही. तुटत नाही हीच त्याची अडचण आहे. गर्दीत कोणाची तरी टाच ट्रेनवर पडते, तेव्हा नवरीच्या पुढच्या पावलाचा सगळा जोर एका जागी येतो. त्या क्षणी काहीतरी जाणारच. लूप गेला तर पाच मिनिटांत सेफ्टी पिन लागते. लूप टिकला तर सॅटिन किंवा लेस फाटते, आणि ते रात्रीत दुरुस्त होत नाही. म्हणून लूप भार पेलण्याइतका मजबूत, पण कापडापेक्षा कमजोरच हवा. शिवाय बारीक नायलॉन नेटच्या जाळीला चिरतो.

बटणाच्या मागे काय आहे

बटण कापडासकट उपटले असेल तर खरे काम इथे आहे. स्कर्टचा आतला भाग उलटा करून बटणाची मागची बाजू बघा. तिथे फक्त दोऱ्याची गाठ दिसली तर दोष सापडला. सगळा भार सॅटिनच्या दोन-चार धाग्यांवर लटकत होता.

दुरुस्ती अशी. आतून सुती टेपचा अडीच सेंटीमीटरचा चौकोन ठेवायचा, कडा दुमडून. त्यावर एक चपटे छोटे बटण. बाहेरचे बटण, कापडाचे सगळे थर, टेप आणि आतले बटण एकाच दोऱ्याने शिवायचे. दोरा दुहेरी आणि मेण लावलेला असावा, म्हणजे तो पिळत नाही. बाहेरच्या बटणाखाली ३ मिलिमीटर देठ सोडायचा आणि त्याभोवती दोरा गुंडाळायचा, कारण लूपला बसायला जागा लागते. देठ नसेल तर लूप बटणाच्या कडेवर बसतो आणि नाचताना उडतो. हे सगळे एका बटणाला पंधरा-वीस मिनिटांचे काम आहे. घरी ज्यांना बटण लावता येते त्यांना हेही येईल.

पण त्या टेपचा चौकोन तिथेच संपवू नका. त्याच टेपची एक पट्टी आतून वर कंबरेच्या जोडापर्यंत न्या आणि जोडाच्या दाब्यावर, म्हणजे शिवणीच्या आत उरलेल्या कापडावर, पक्की शिवा. बाहेरून बटण आहे तिथेच दिसते, पण भार स्कर्टच्या कापडावर न राहता पट्टीतून कंबरेकडे जातो. माझ्या अनुभवात यानंतर त्याच जागी पुन्हा कापड फाटल्याची तक्रार क्वचितच येते.

भार वाटला गेला आहे का

सामान तोलायचा हाताने धरायचा काटा इथे कामी येतो. ट्रेन पूर्ण अडकवलेली ठेवायची, मग एक लूप बटणावरून काढून काट्याच्या हुकात घालायचा आणि हुक बटणाच्याच उंचीला धरायचा. काट्यावर दिसेल तो त्या बटणाचा भार. एकेक करून सगळे मोजायचे.

साळगावच्या त्या गाऊनला तीन बटणे होती. मधल्यावर ६०० ग्रॅम आले, डावीकडे १८०, उजवीकडे १५०. एकूण ९३० ग्रॅम, आणि त्यातले जवळजवळ दोन तृतीयांश एकट्या मधल्यावर. अशा वेळी मधला लूप जाड करणे हे उत्तर नाही. मधल्या आणि बाजूच्या बटणांमध्ये दोन्हीकडे एकेक जागा वाढवली, नव्या लूपची जागा वरच्याच हिशोबाने काढली. पाच झाल्यावर मधल्यावर ३२० उरले, बाकीच्यांवर १२० ते १८० च्या दरम्यान. घडीही जास्त सुबक पडली, कारण कापड एका जागी गोळा न होता पसरले.

लूप वाढवूनही मधला भार उतरत नसेल तर बाजूचे लूप सैल आहेत. ते २-३ मिलिमीटरने आखूड करा आणि पुन्हा तोला. इथे अंदाजाने जाऊ नका. कापड हाताला सारखे वाटते, काट्यावर वाटत नाही.

आणखी एक गोष्ट बघा: ट्रेनचे थर एकमेकांना टाचलेले आहेत का. वर लेस, मध्ये नेट, खाली सॅटिन आणि अस्तर, आणि लूप फक्त वरच्या थरात, असे असेल तर वरचा थर उचलला जातो आणि खालचे घसरून जमिनीवर येतात. काठापासून हातभर वर, शिवणींच्या रेषेत, आतून सैल टाक्यांनी थर एकत्र धरून ठेवायचे. टाके सैलच हवेत. घट्ट मारले की बाहेर खळगे दिसतात.

गाऊन पेलतो कोण

इथून पुढचे काम अवघड आहे, आणि नवरीच्या सुखाशी त्याचाच सगळ्यात जास्त संबंध आहे. मागे किलोभर कापड कंबरेखाली टांगले की ते गाऊनला मागून खाली ओढते. पट्ट्या नसलेल्या गाऊनला धरणारे वर काहीच नसते, मग पुढचा गळा घसरतो, पाठ खाली जाते आणि नवरी तो वर ओढत राहते. दर्जी मग वरचा भाग आणखी घट्ट करतात. काखेखालचे वळ त्यामुळे येतात. शिवाय मे महिन्याच्या दमटपणात घामाने ओल्या अंगावर घट्ट कापडसुद्धा सरकतेच.

गाऊन कंबरेवर बसायला हवा. त्यासाठी आत, कंबरेच्या सगळ्यात बारीक जागी, आडव्या रेषांची जाड न ताणणारी रिबन लागते, साधारण अडीच सेंटीमीटर रुंद. ती गाऊनच्या शिवणींना आणि बोनिंगच्या, म्हणजे आतल्या ताठ पट्ट्यांच्या, खोळींना ठिकठिकाणी टाचलेली असते, पण चेनच्या दोन्ही बाजूंना पाच-सहा सेंटीमीटर मोकळी सोडलेली. टोकांना हुक. आधी रिबनचे हुक लावायचे, मग चेन ओढायची. चांगल्या गाऊनमध्ये ही रिबन असते, पण घाईत कोणी लावत नाही आणि ती आत लोंबत राहते. म्हणून पहिल्यांदा ती आहे का ते शोधा.

परीक्षा सोपी आहे. ट्रेन अडकवा, रिबनचे हुक लावा आणि चेन उघडी ठेवा. गाऊन अंगावर तसाच उभा राहिला तर कंबर त्याला पेलते आहे. घसरला तर रिबन सैल आहे, किंवा नुसती शोभेला शिवली आहे. रिबन कंबरेच्या मापापेक्षा साधारण २ सेंटीमीटर आखूड ठेवते मी, आणि नवरीला खुर्चीवर बसवून, पाणी पाजून, खोल श्वास घ्यायला लावते. बसल्यावर टोचत असेल तर हुकांची दुसरी ओळ लावते, म्हणजे जेवताना एक घर सैल करता येईल.

बटणाची टेपची पट्टी आपण कंबरेच्या जोडापर्यंत नेली होती. रिबन त्याच उंचीला असेल तर पट्टीचे टोक रिबनलाच शिवा. आता ट्रेनचा भार बटणातून पट्टीत, पट्टीतून रिबनवर आणि रिबनवरून हाडापर्यंत जातो. वरच्या कापडाला तो लागतच नाही. साळगावच्या नवरीने हे झाल्यावर दुकानात हात वर करून दोन फेऱ्या मारल्या आणि गळ्याला हात लावला नाही.

कॅनकॅनही तपासा. त्याला स्वतःचा कंबरपट्टा असावा, गाऊनला शिवलेला नसावा. गाऊनलाच शिवलेला असेल तर त्याचेही वजन गाऊनवरच येते. वेगळा असेल तर तो खालून घेराला टेकू देतो आणि मागच्या लूपांवरचा ओढा कमी होतो. मऊ पडलेला जुना कॅनकॅन बदलला तर काठ सेंटीमीटरभर वर येतो, हेही लक्षात असू द्या आणि उंची त्यानंतरच मोजा.

कुठे थांबायचे

लूप, रंगीत खुणा, बटणामागची टेप, थरांचे टाके एवढे घरी करा. पुढच्या गोष्टींत हात घालू नका, गाऊनचे काम करणाऱ्या दर्ज्याकडे न्या.

बटणाभोवतीचे कापड आधीच फाटले आहे आणि भोक टेपपेक्षा मोठे आहे. तिथे लेसचा तुकडा वरून बसवावा लागतो आणि नक्षी जुळवावी लागते. गाऊनला कंबरेचा जोडच नाही, वरपासून खालपर्यंत उभ्या कळ्या आहेत. मग पट्टी बांधायला जागा नसते आणि भार वाहायची वेगळी व्यवस्था आतून शिवावी लागते. ट्रेनवर मणी किंवा टिकल्यांचे भरीव काम आहे. एक धागा तुटला की ओळभर मणी ओघळतात. कापड खरे रेशीम आहे, त्यात चुकीच्या सुईचे भोक कायमचे राहते. अस्तर उसवून रिबन नव्याने बसवायची आहे. काट्यावर एकूण भार दीड-दोन किलोच्या वर जातो. तेव्हा ट्रेन कंबरेपाशी हुकांवर वेगळी काढता येईल अशी करून घेणे लूप वाढवण्यापेक्षा बरे, आणि ते कापड कापायचे काम आहे, घरी करण्याचे नाही.

गाऊन भाड्याचा असेल तर सुई लावण्याआधी दुकानदाराला विचारा. बहुतेक जण लूप लावू देतात, टेप शिवू देत नाहीत, आणि काहींची स्वतःची व्यवस्था असते. निदान आठवडाभर आधी विचारा, म्हणजे त्यांच्याकडूनच करून घेता येईल.

आणि लग्नाच्या रात्रीच लूप गेला तर: मोठ्या, जाड सेफ्टी पिना तीन, धेडीच्या पर्समध्ये. कापड उचलून, आतून, कंबरेच्या जोडाच्या दाब्यात टोचायची. चेनच्या पट्टीत किंवा नुसत्या नेटमध्ये नाही. पिनेची उघडणारी बाजू अंगापासून दूर. दाबा सापडला नाही, किंवा कापड फाटत असल्याचे दिसले, तर पिन लावू नका. ट्रेनच्या काठाला आतून रिबनचे कडे बांधा, ते नवरीच्या मनगटात घाला, आणि उरलेले नाच तिने ट्रेन हातावर घेऊन करावेत.